ऑप्टोकपलर, २३० व्होल्टचा कॉन्टॅक्टर आणि सीटीआर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोर्ड दुरुस्तीला घेऊन येणारे मेकॅनिक आणि शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायचा बोर्ड घरी बनवणारी पोरं, दोघांचे प्रश्न फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं एकाच सर्किटवर बेतली आहेत, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

सर्किट असं : ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ हा कंट्रोलर. त्याच्या एका पिनवरून एमओसी३०६३ हा ट्रायॅकवाला ऑप्टो, त्यापुढे बीटी१३६ ट्रायॅक, आणि ट्रायॅकवर कॉन्टॅक्टरची २३० व्होल्टची कॉइल. कॉइलला खरंच लाईट पोचली का हे बघायला कॉइलच्या दोन टोकांवर एक पीसी८१७, त्याच्या एलईडीला सिरीजमध्ये ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर. पीसी८१७ चा ट्रान्झिस्टर परत ईएसपी३२ च्या दुसऱ्या पिनला जातो. म्हणजे हुकूम एका ऑप्टोतून जातो आणि पोच दुसऱ्यातून येते.

१. ऑप्टोकपलर नेमकं काय करतो? थेट तार जोडली तर काय बिघडतं?

आत एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी असतो आणि समोर प्रकाशाने चालू होणारा ट्रान्झिस्टर किंवा छोटा ट्रायॅक. मध्ये प्रकाश जाऊ देणारं, पण वीज अडवणारं इन्सुलेशन. एलईडी पेटला की पलीकडचा भाग वाहायला लागतो. दोन्ही बाजूंत तांब्याचा धागासुद्धा नसतो.

थेट जोडणी केली तर ईएसपी३२ ची ग्राउंड ही न्यूट्रलला किंवा फेजला जोडलेली तार होते. मग बोर्डाला यूएसबी लावून प्रोग्रॅम टाकणाऱ्या माणसाचा लॅपटॉप आणि हात दोन्ही २३० व्होल्टच्या साखळीत येतात. न्यूट्रलला जोडलंय म्हणून चालेल असं समजू नका. फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले स्टार्टर पंपाघरात ढिगाने सापडतात.

२. रिलेतही कॉइल आणि कॉन्टॅक्ट वेगळे असतात की. मग निळ्या रिले बोर्डावर ऑप्टो कशाला दिलाय?

बरोबर आहे, लाईटपासून वेगळं ठेवायचं काम तिथे रिलेच करतो. त्या बोर्डावरच्या ऑप्टोचं काम निराळं : रिले कॉइल सुटताना येणारा झटका आणि तिच्या सप्लायची खळबळ कंट्रोलरपर्यंत जाऊ न देणं. तेही त्याला तेव्हाच जमतं, जेव्हा रिलेला वेगळा सप्लाय असतो. बोर्डावर `JD-VCC` आणि `VCC` यांच्यावर एक जंपर असतो. तो तसाच ठेवला तर दोन्ही बाजू एकाच पाच व्होल्टवर आणि एकाच ग्राउंडवर चालतात, आणि ऑप्टो नुसता शोभेला उरतो. जंपर काढा, `JD-VCC` ला वेगळा अडॅप्टर द्या, आणि दोन अडॅप्टरच्या ग्राउंड एकमेकींना जोडू नका. बहुतेक लोक ही शेवटची गोष्ट विसरतात.

३. सीटीआर म्हणजे काय आणि डेटाशीटमध्ये तो कसा वाचायचा?

सीटीआर म्हणजे करंट ट्रान्सफर रेशो. एलईडीतून जितका करंट सोडला, त्याच्या किती टक्के करंट पलीकडचा ट्रान्झिस्टर वाहून नेऊ शकतो, तो आकडा.

`CTR = IC / IF × 100`

इथे `IF` हा एलईडीचा करंट आणि `IC` कलेक्टरचा. एलईडीत ५ मिलिअँप सोडले आणि कलेक्टरला ४ मिलिअँप मिळाले, तर सीटीआर ८० टक्के. दोन गोष्टी सगळ्यात आधी बघायच्या. पहिली, त्या ओळीतली चाचणीची अट. पीसी८१७ चा आकडा `IF = 5mA, VCE = 5V` या अटीवर दिलेला असतो. तुमचा करंट वेगळा असेल तर तो आकडा जसाच्या तसा तुमचा नाही. दुसरी, `MIN` चा रकाना. पीसी८१७ चा सीटीआर ५० ते ६०० टक्के लिहिलेला असतो, म्हणजे एकाच नावाच्या दोन नगांत बारापट फरक असू शकतो. `TYP` वर किंवा हाताशी असलेल्या एका नगावर सर्किट बेतलं तर ते त्या नगापुरतंच चालतं. `MAX` कधी बघायचा हे प्रश्न १० मध्ये आहे. तिथे बऱ्याच जणांची फसगत होते.

४. पीसी८१७ वर कधी बी, कधी सी अक्षर असतं. ते काय सांगतं?

ती सीटीआरची वर्गवारी. ए म्हणजे ८० ते १६० टक्के, बी १३० ते २६०, सी २०० ते ४००, डी ३०० ते ६००. अक्षरच नसेल तर ५० ते ६०० मधलं काहीही. वर्गांच्या कडा एकमेकांत शिरलेल्या आहेत. त्यामुळे १५० टक्क्यांचा नग ए मध्येही बसतो आणि बी मध्येही.

दुकानात नुसतं “८१७ द्या” म्हटलं तर बहुतेक वेळा सी मिळतो, पण खात्री धरू नका. अक्षर वाचून घ्या, आणि एकगठ्ठा माल घेत असाल तर त्यातले चार-पाच नग प्रश्न ११ मधल्या रीतीने मोजून बघा.

५. २३० व्होल्टवर पीसी८१७ चा एलईडी चालवायला ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर कसे काढले? पूर्ण हिशोब सांगा.

२३० व्होल्टचं शिखर म्हणजे पीक ३२५ व्होल्ट. दोन्ही रेझिस्टर मिळून ९४ किलोओहम. ३२५ भागिले ९४ हजार, म्हणजे शिखरावर सुमारे ३.४६ मिलिअँप. एलईडीवर पडणारा सव्वा व्होल्ट ३२५ पुढे सोडून दिला.

आता उलट बाजूने या. ईएसपी३२ च्या पिनवर तिला ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा १० किलोओहमचा पुल-अप आहे. पिन पूर्ण खाली ओढायला ट्रान्झिस्टरने (३.३ वजा ०.२) भागिले १० हजार, म्हणजे ०.३१ मिलिअँप वाहायला हवेत. ३.४६ घालून ०.३१ मिळवायचे, म्हणजे ९ टक्के सीटीआर पुरतो. अक्षर नसलेल्या नगाचे किमान ५० टक्के. दिसायला भरपूर शिल्लक आहे.

पण ते ५० टक्के नव्या नगाचे, २५ अंशांचे आणि ५ मिलिअँपचे. पत्र्याच्या पेटीत, एप्रिलच्या उन्हात, काही वर्षांनी ते तेवढे राहत नाहीत. मी डेटाशीटच्या किमान आकड्याचा ४० टक्के भाग धरून चालतो : कमी करंटसाठी ०.८, उष्णतेसाठी ०.७५, एलईडीच्या वयासाठी ०.६५, तिघांचा गुणाकार साधारण ०.४. म्हणजे ५० चे २० टक्के उरले. ३.४६ चे २० टक्के ०.६९ मिलिअँप. हवेत ०.३१. दुपटीहून जास्त आहे, पास.

गावाकडे संध्याकाळी सगळ्या मोटरी लागल्या की व्होल्टेज १७० पर्यंत पडतं. तेव्हा शिखर २४० व्होल्ट, करंट २.५६ मिलिअँप, त्याचे २० टक्के ०.५१. तरीही पास. हा हिशोब नेहमी पडलेल्या व्होल्टेजवर करून बघावा. २३० वर पास झालेलं सर्किट १७० वर नापास होऊ शकतं, आणि तक्रार नेमकी तेव्हाचीच येते.

एक रेझिस्टर न घेता दोन घेतले त्याचं कारण व्होल्टेज आणि वॅट. एकूण २३० चा वर्ग भागिले ९४ हजार, म्हणजे ०.५६ वॅट, प्रत्येकी ०.२८. पाव वॅटचा इथे जळतो. एक वॅटचे घ्या, कोमट राहतील. आणि एलईडीला समांतर, उलट दिशेने एक १एन४१४८ डायोड हवाच. पीसी८१७ चा एलईडी उलटे जेमतेम ६ व्होल्ट सोसतो. डायोड नसेल तर पहिल्याच उलट्या अर्धलाटेत तो मरायला सुरुवात होते.

६. सगळे बोर्ड सारखे बनवले, पण काही चालतात, काही मध्येच “बंद” दाखवतात. सुटा भाग एकही खराब नाही. असं का?

आधी पुल-अप बघा. अशा तक्रारीत बहुतेक वेळा १० किलोओहमऐवजी १ किलोओहम लावलेला निघतो, कुठल्या तरी पाच व्होल्टच्या सर्किटवरून उचललेला. मग पिन पूर्ण खाली ओढायला ३.१ मिलिअँप लागतात आणि एलईडीत शिखरावर मुळात ३.४६ च आहेत. म्हणजे सीटीआर ९० टक्के पाहिजे.

प्रत्यक्षात असं होतं. सी वर्गाच्या नगाला हे सहज जमतं, तो बोर्ड चालतो. ६० टक्क्यांचा नग २.०८ मिलिअँप देतो. १ किलोओहमवर तेवढ्यात पिन १.२ व्होल्टपर्यंतच खाली येते. ईएसपी३२ खात्रीने “खाली” मानतो ते पुरवठ्याच्या पाव भागाखाली, म्हणजे सुमारे ०.८ व्होल्टखाली. १.२ हा मधला उंबरठ्याचा प्रदेश, तिथे एक नग एक वाचतो, दुसरा दुसरं. त्यात रात्री व्होल्टेज पडलं की काल चाललेला बोर्डही आज अडतो.

खूण सोपी आहे. पिनवर ऑसिलोस्कोप लावला तर निरोगी सर्किटची लाट तळाशी सपाट दिसते, ०.१-०.२ व्होल्टवर बसलेली. सीटीआर अपुरा असेल तर तळ सपाट नसतो, वाटीसारखा गोल असतो आणि ०.२ पर्यंत पोचतच नाही. गोल तळ दिसला की पुल-अप वाढवा. ऑप्टो बदलायची घाई करू नका. स्कोपची ग्राउंड क्लिप फक्त ईएसपी३२ च्या बाजूला लावायची. ती चुकून कॉइलच्या बाजूला लागली तर स्कोपच्या अर्थिंगमधून शॉर्ट होतो.

७. डेटाशीटची अट पाच व्होल्टवर आहे. माझ्याकडे ट्रान्झिस्टर चालू झाला की तिथे ०.२ व्होल्टच उरतात. मग सीटीआर तोच धरायचा का?

तोच नाही. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू, म्हणजे सॅच्युरेट झाला की सीटीआर जितका वाहू देईल त्याहून कमीच करंट वाहतो, कारण आता करंट पुल-अप ठरवतो. याच स्थितीत सर्किट ठेवायचं असतं. पीसी८१७ ची `VCE(sat)` ची ओळ काळजीपूर्वक वाचा : ०.२ व्होल्टची हमी दिली आहे ती `IF = 20mA, IC = 1mA` वर. म्हणजे एलईडीत वीसपट करंट घालून दिलेली हमी. आपण एवढा घालत नाही. म्हणून प्रश्न ५ मध्ये २३० व्होल्टवर गरजेच्या दुपटीवर करंट राहील असं मी बघितलं. २३० वर दुपटीच्या खाली जायचं मला धाडस होत नाही. औद्योगिक पॅनेलसाठी तिप्पट धरावा.

८. एमओसी३०६३ च्या डेटाशीटमध्ये सीटीआर सापडतच नाही. पान हरवलंय का?

नाही. त्यात ट्रान्झिस्टर नाही, ट्रायॅक आहे, आणि ट्रायॅक प्रमाणात वाहत नाही. एकदा चालू झाला की पूर्ण वाहतो आणि करंट शून्याला येईपर्यंत थांबत नाही. तिथे टक्केवारीला अर्थ नाही. तिथे `IFT` बघायचा : एलईडीत किमान किती करंट सोडला की ट्रायॅक चालू होईलच. एमओसी३०६१ ला १५ मिलिअँप, ३०६२ ला १०, ३०६३ ला ५.

इथे वाचायची दिशा सीटीआरच्या नेमकी उलटी आहे. सीटीआरला `MIN` वरून हिशोब करायचा, `IFT` ला `MAX` वरून. “५ मिलिअँप कमाल” याचा अर्थ सगळ्यात आळशी नगसुद्धा ५ वर उठतो. बरेच जण तो आकडा “यापेक्षा जास्त देऊ नका” असा वाचतात आणि ३ मिलिअँपवर चालवतात. थंडीत सकाळी सहाला मोटर लागत नाही ती यामुळे. `IF` ची खरी मर्यादा ६० मिलिअँप आहे, ती दुसऱ्या तक्त्यात असते.

आपल्या सर्किटमध्ये पिनपासून एलईडीपर्यंत २२० ओहम. एलईडीवर १.३ व्होल्ट धरले तर २ भागिले २२०, म्हणजे ९ मिलिअँप. एलईडीवर डेटाशीटचे कमाल १.५ पडले तरी ८ मिलिअँपवर राहतो. ५ ची गरज, ८-९ हातात. ईएसपी३२ च्या पिनला एवढं झेपतं.

९. पोच वाचणारा प्रोग्रॅम चालू-बंद, चालू-बंद असा फडफडतो. कॉन्टॅक्टर मात्र शांत बसलेला असतो.

कारण एलईडी एकाच अर्धलाटेत पेटतो. पिनवर दर २० मिलिसेकंदांनी एक खड्डा येतो, मध्ये ती वरच असते. `digitalRead` एकदाच केला तर तो खड्ड्यात पडेल की टेकडीवर, हे नशीब. १०० मिलिसेकंद, म्हणजे पाच लाटा, बघा आणि खाली सापडलेले नमुने मोजा.

```cpp
const int FB = 34;

bool coilLive() {
  int low = 0;
  for (int i = 0; i < 100; i++) {
    if (digitalRead(FB) == LOW) low++;
    delay(1);
  }
  return low >= 15;
}
```

१५ कुठून आले? अक्षर नसलेला नग, प्रश्न ५ चे २० टक्के धरून, एलईडीत १.५५ मिलिअँप झाल्यावर पिन खाली ओढतो. २३० व्होल्टवर एका लाटेत असा काळ साधारण ७ मिलिसेकंद येतो, १७० वर सहाच्या आत. पाच लाटांत अनुक्रमे पस्तीस आणि एकोणतीस नमुने. त्याच्या निम्म्यावर रेघ मारली.

यातून एक फुकटची सोयही मिळते. `low` हा आकडा महिन्यातून एकदा नोंदवून ठेवा. व्होल्टेज तेवढंच असताना तो हळूहळू उतरत चालला, तर एलईडी म्हातारा होतोय हे बोर्ड बंद पडायच्या आधीच कळतं.

१०. कॉन्टॅक्टरची कॉइल जळून उघडी पडली, ट्रायॅकला हुकूमही नाही, तरी पोच “चालू” दाखवते. ऑप्टो शॉर्ट झालाय का?

ऑप्टो ठणठणीत आहे. उलट जास्तच तल्लख आहे, आणि म्हणूनच फसवतोय. प्रश्न ३ मध्ये `MAX` चा उल्लेख केला तो यासाठी.

ट्रायॅकला समांतर आपण झटके शोषणारा स्नबर लावतो, ३९ ओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड. ट्रायॅक बंद असला तरी त्या कपॅसिटरमधून ५० हर्ट्झला सुमारे ०.७ मिलिअँप गळत राहतात. कॉइल शाबूत असेल तर हा करंट कॉइलमधून निमूट निघून जातो, तिच्यावर दोन-चार व्होल्टच पडतात आणि पीसी८१७ ला पत्ता लागत नाही. कॉइल उघडी पडली की त्या करंटला एकच वाट उरते : आपले दोन रेझिस्टर आणि एलईडी. शिखरावर जवळजवळ १ मिलिअँप. सी वर्गाचा नग ३०० टक्क्यांचा असेल तर कलेक्टरला ३ मिलिअँपची ताकद आली, आणि पिन ओढायला ०.३१ च लागतात. पिन खाली, पोच “चालू”. अक्षर नसलेला ५० टक्क्यांचा नग असता तर कडेवर आला असता, आणि एका बोर्डावर दिसणारा दोष दुसऱ्यावर दिसला नसता.

हाच प्रकार लांब केबलमध्येही होतो. नदीकाठच्या पंपाघरापासून घरापर्यंत फेजच्या शेजारून गेलेल्या रिकाम्या तारेत केबलच्या कपॅसिटन्समुळे भुताटकीचं व्होल्टेज येतं. टेस्टर लुकलुकतो, मल्टिमीटर ८०-९० व्होल्ट दाखवतो, बल्ब मात्र लागत नाही.

उपाय एलईडीला समांतर १ किलोओहम. एलईडी पेटायला त्याच्यावर सव्वा व्होल्टच्या आसपास यावे लागतात. तोवरचे पहिले १.२ मिलिअँप हा रेझिस्टर पिऊन टाकतो. १ मिलिअँपची गळती एलईडीपर्यंत पोचतच नाही.

पण त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून प्रश्न ५ चा हिशोब पुन्हा करा. १७० व्होल्टवर २.५६ मधले १.२ गेले, उरले १.३६. अक्षर नसलेल्या नगाचे २० टक्के धरले तर ०.२७. हवेत ०.३१. नापास. म्हणून हा रेझिस्टर लावायचा तर बी किंवा सी वर्ग घ्या. बीचे किमान १३०, त्याचे ४० टक्के ५२, आणि १.३६ चे ५२ टक्के ०.७. पास. खड्डाही साधारण ५ मिलिसेकंदांचा राहतो, त्यामुळे प्रश्न ९ मधले १५ बदलायची गरज नाही.

मी नवीन बोर्डात हा १ किलोओहम पहिल्यापासून टाकतो.

११. घरी सीटीआर मोजता येतो का?

येतो, पण ऑप्टो सुटा काढून, बॅटरीवर किंवा पाच व्होल्टच्या अडॅप्टरवर. लाईट लावलेल्या सर्किटमध्ये कधीच नाही.

पाच व्होल्टपासून एलईडीला ६८० आणि ८२ ओहम सिरीजमध्ये द्या. (५ वजा १.२) भागिले ७६२, म्हणजे ५ मिलिअँप. पलीकडे एमिटर ग्राउंडला, आणि कलेक्टर व पाच व्होल्ट यांच्यामध्ये मल्टिमीटर मिलिअँपच्या रेंजवर. वाचन जितके मिलिअँप, त्याला पाचाने भागून शंभरने गुणा. १२ मिलिअँप आले तर २४० टक्के. डी वर्ग असेल तर ३० मिलिअँपपर्यंत येऊ शकतात, म्हणून आधी २०० ची रेंज लावा. जुन्या बोर्डावरून काढलेले नग असे मोजले की वापरायचे की टाकायचे हे लगेच ठरतं. मी वर्गाच्या किमान आकड्याच्या ६० टक्क्यांखाली आलेला नग ठेवत नाही.

१२. डेटाशीटमध्ये ५००० व्होल्ट आयसोलेशन आहे. मग बोर्डावर ट्रॅक किती जवळ आले याची चिंता कशाला?

ते ५००० व्होल्ट एक मिनिटाच्या चाचणीचे आहेत, रोज सोसायचे नाहीत. सतत सोसायचा आकडा `VIORM` या नावाने वेगळा दिलेला असतो, तो बराच लहान असतो. आणि दोन्ही आकडे ऑप्टोच्या पोटातले आहेत. बोर्डाचा पृष्ठभाग तुमची जबाबदारी.

पीसी८१७ च्या पायांच्या दोन रांगांत ७.६२ मिलिमीटर अंतर. त्यात दोन्हीकडच्या पॅडची जाडी गेली की ६ च उरतात. या ६ मिलिमीटरमधून ग्राउंडचा एक ट्रॅक नेला, किंवा सॉफ्टवेअरने आपोआप भरलेलं तांबं ऑप्टोच्या खालून गेलं, की ५००० व्होल्टचा ऑप्टो दोन मिलिमीटरचा होतो. असे बोर्ड मी आठवड्याला बघतो. ऑप्टोच्या पोटाखाली दोन्ही थरांत काहीही नको, आणि जमलं तर तिथे आरपार खाच पाडा.

आपल्याकडे याला दोन जादा कारणं आहेत. पंचगंगेच्या काठावरच्या पंपाघरात जून ते सप्टेंबर भिंतीवर पाणी घामासारखं येतं. आणि शिरोलीच्या फाउंड्रीत पॅनेलवर बसणारी काळी धूळ लोखंड आणि कोळशाची असते, ती वीज वाहते. स्वच्छ बोर्डावर पुरणारं अंतर तिथे पुरत नाही. सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, सुकवा, मगच कोटिंगचा स्प्रे. फ्लक्सवर कोटिंग मारलं तर ओल आत कोंडली जाते.

१३. आयसोलेशन शाबूत आहे की नाही, कसं तपासायचं?

लाईट काढा. कमी व्होल्टच्या बाजूची सगळी टोकं एका तारेने एकत्र बांधा, लाईटच्या बाजूची सगळी दुसऱ्या तारेने. दोन गठ्ठ्यांमध्ये मल्टिमीटरने २० मेगाओहमच्या रेंजवर काही वाचन आलं तर कुठेतरी जोड आहे, तो आधी शोधा. काही न आलं तर त्यावर समाधान मानू नका, मल्टिमीटर मोजतो एखाद-दोन व्होल्टवर. ५०० व्होल्टचा मेगर लावा. कोरड्या बोर्डावर शेकडो मेगाओहम यायला पाहिजेत. पावसाळ्यात तोच बोर्ड पाच-दहा मेगाओहमवर आला तर ऑप्टो बदलू नका, प्रश्न १२ मधली धुलाई करा. टोकं एकत्र बांधायची पायरी गाळली तर मेगरचे ५०० व्होल्ट ईएसपी३२ च्या पिनमध्ये शिरतील.

आणि बोर्डाचा अडॅप्टर ट्रान्सफॉर्मर नसलेला, कपॅसिटरवाला असेल तर वरचं सगळं व्यर्थ. कमी व्होल्टची बाजूच लाईटला जोडलेली आहे.

१४. पीसी८१४ मध्ये दोन उलटसुलट एलईडी असतात. तोच वापरला तर?

चालेल. १एन४१४८ लागत नाही आणि खड्डे दर १० मिलिसेकंदांनी येतात. फक्त त्याचा सीटीआर २० ते ३०० टक्के हा १ मिलिअँपवर दिलेला आहे. पीसी८१७ च्या ५ मिलिअँपच्या ५० शेजारी ठेवून “हा कमजोर” म्हणू नका. तसंच ४एन३५ चे १०० टक्के १० मिलिअँपवरचे आहेत.

१५. माझ्या स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची आहे, दोन फेजवर. हेच सर्किट चालेल का?

हेच नाही. शेतीच्या थ्री-फेज स्टार्टरमध्ये ४१५ ची कॉइल सर्रास असते, म्हणून आधी कॉइलवरचं लेबल वाचा.

४१५ चं शिखर ५८७ व्होल्ट. एमओसी३०६३ आणि ६०० व्होल्टचा बीटी१३६ दोघांची मर्यादा ६००. लाईट जराशी चढली की ट्रायॅक हुकुमाशिवाय आपोआप चालू होतो, म्हणजे कोणी न सांगता मोटर लागते. विहिरीत माणूस उतरलेला असताना हे परवडत नाही. ८०० व्होल्टचे एमओसी३०८३ आणि तसाच ट्रायॅक घेऊन काही जण भागवतात. मी तिथे ट्रायॅक वापरतच नाही, रिले घालतो किंवा कॉइल २३० ची बदलायला सांगतो. कॉइल बदलणं स्वस्त पडतं.

पोच वाचायचा भाग मात्र सहज बदलतो. ४७ किलोओहमचे दोनऐवजी चार रेझिस्टर, एकूण १८८. शिखरावर ३.१२ मिलिअँप, म्हणजे प्रश्न ५ आणि १० चे आकडे जवळपास तेच राहतात. एकूण ०.९२ वॅट, प्रत्येकी ०.२३. जुने दोनच ठेवले तर प्रत्येकावर ०.९२ वॅट पडतील. एक वॅटचा रेझिस्टर तेवढ्यावर बोर्ड तपकिरी करतो आणि पहिल्या उन्हाळ्यातच सोल्डर सोडतो.